नवीन जाड केबलने फोन सावकाश, जुनीने झटपट: असं का?

प्रश्न: "मी वेंगुर्ल्याचा. फोनसोबत आलेली एक मीटरची केबल मानेपाशी फाटली, म्हणून बाजारातून दोन मीटरची नवीन घेतली. दोऱ्याने विणलेली, चांगली जाड, वर ६५ वॉट छापलेलं. चार्जर तोच ३३ वॉटचा, फोन तोच. जुन्या केबलने सव्वा तासात फोन फुल होतो, नवीनने पाच तास लागतात. पण भावाच्या फोनला त्याच्या चार्जरवर हीच केबल व्यवस्थित चालते. मग बिघाड कशात आहे: केबलमध्ये, चार्जरमध्ये की फोनमध्ये?"

उत्तर:

बहुतेक तिन्हींपैकी काहीच बिघडलेलं नाही. नवीन केबल तुमच्या चार्जरशी जुळत नाही आणि आतून बारीक आहे, या दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत. भावाकडे त्यातली एकच लागू पडते, म्हणून तिथे केबल शहाण्यासारखी वागते. मालवणात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे आणि अशी तक्रार आठवड्यातून एकदा तरी काउंटरवर येतेच. चार्जिंगचा जॅक बदलायला म्हणून फोन येतो, आणि दहातले बरेच फोन जॅक न बदलता परत जातात.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. चार्जर फोनमध्ये करंट ढकलत नाही. चार्जर फक्त व्होल्टेज तयार ठेवतो, किती करंट ओढायचा ते फोन ठरवतो. फोनच्या आत चार्जिंगची एक आयसी असते आणि ती दोन गोष्टी बघून निर्णय घेते. पहिली, समोरचा चार्जर कोणता आहे आणि तो काय देऊ शकतो. दुसरी, करंट ओढायला लागल्यावर आपल्या तोंडाशी व्होल्टेज टिकतंय की खाली बसतंय. या दोन्ही गोष्टी फोनला केबलमधूनच कळतात. म्हणजे केबलला दोन कामं आहेत: निरोप पोचवणं आणि करंट वाहणं. तुमची नवीन केबल पहिलं काम तुमच्या चार्जरसाठी करत नाही आणि दुसरं जेमतेम करते.

पहिलं काम बघू. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात. लाल आणि काळी या वीज नेण्याच्या, हिरवी आणि पांढरी या डेटाच्या. चार्जर आणि फोन एकमेकांना ओळखतात ते डेटाच्या तारांवरून, आणि दोन्ही टोकांना सी टाइप पिन असेल तर सीसी नावाच्या आणखी एका तारेवरून. ओळख पटेपर्यंत चार्जर ५ व्होल्टच देतो. ओळख पटली की फोन सांगतो, "मला ९ दे" किंवा "११ दे", आणि मग चार्जर व्होल्टेज चढवतो. आता अडचण अशी की ही बोली सगळ्या कंपन्यांची एक नाही. क्विक चार्ज, यूएसबी पीडी या बऱ्याच जणांना समजणाऱ्या बोली. पण काही कंपन्यांनी स्वतःची वेगळी बोली काढली, आणि तिच्यासाठी आपल्या केबलमध्ये एक जास्तीचा संपर्क किंवा छोटी चिप ठेवली. ती नसेल तर चार्जर समजतो की केबल आपली नाही, आणि जास्त करंट या अनोळखी तारेतून सोडायचा नाही. मग तो पुष्कळदा मुकाट्याने ५ व्होल्टवरच राहतो. हा दोष नाही, सुरक्षेसाठी मुद्दाम ठेवलेली सोय आहे. हलक्या केबलमधून मोठा करंट गेला तर पिन वितळते, ते होऊ नये म्हणून.

तुमच्या चार्जरचं तोंड रुंद, म्हणजे ए टाइपचं असेल, तर हे डोळ्यांनी तपासता येतं. जुन्या केबलची चार्जरकडची पिन मोबाईलच्या टॉर्चखाली धरा आणि आत बघा. साध्या केबलला चार सोनेरी पट्ट्या दिसतात. कंपनीच्या खास केबलमध्ये पुष्कळदा पाचवी पट्टी किंवा जास्तीचा बारीक संपर्क दिसतो. आतलं प्लास्टिकही वेगळ्या रंगाचं असू शकतं, पण रंगावर जाऊ नका, नकली केबलवाले रंग आधी उचलतात. जुनीत पाच आणि नवीनत चार दिसले, तर अर्धं उत्तर मिळालं. जास्तीचा संपर्क दिसला नाही म्हणून मात्र शंका मिटत नाही, कारण काही कंपन्या ओळख पिनच्या आत बसवतात आणि ती बाहेरून दिसत नाही.

आता दुसरं काम, करंट वाहण्याचं. ते समजायला गावातलंच उदाहरण पुरेसं आहे. डीपीजवळच्या घरात बल्ब लख्ख असतो, आणि लाइनच्या शेवटच्या घरात संध्याकाळी सगळ्यांचे पंप सुरू झाले की ट्यूब फडफडते आणि विहिरीवरची मोटर नुसती गुणगुणते, पाणी उचलत नाही. डीपीतून वीज पूर्णच निघालेली असते. ती वाटेत बारीक आणि लांब तारेत खर्च होते. जितका जास्त करंट ओढाल तितकं शेवटच्या टोकाला व्होल्टेज जास्त पडतं. केबलमध्ये हेच होतं, फक्त सगळं हातभर लांबीत. आणि एक गोष्ट विसरायची नाही: करंट लाल तारेने जातो आणि काळ्या तारेने परत येतो. दोन मीटरची केबल म्हणजे वीजेच्या दृष्टीने चार मीटर तार.

मोटर बिचारी कमी व्होल्टेजवर तशीच धडपडत राहते आणि जळते. फोन तसं करत नाही. आपल्या तोंडाशी व्होल्टेज साधारण साडेचारच्या आसपास आलं की चार्जिंगची आयसी करंट कमी करते, म्हणजे व्होल्टेज परत सावरतं. म्हणूनच बारीक केबलने फोन बंद पडत नाही की कुठला इशारा देत नाही. तो गुपचूप हळू होतो, आणि माणूस फोनला किंवा बॅटरीला दोष देत बसतो.

तुमच्यासारखीच एक केस मी मागच्या पावसाळ्यात अगदी शेवटपर्यंत मोजली होती, ती आकड्यांसकट सांगतो. देवबागला होमस्टे चालवणारे एक गृहस्थ दोन केबली, चार्जर आणि फोन असं सगळं पिशवीत घेऊन आले. म्हणाले, "वायर जाडी आसा, तरी चार्ज होऊक अर्धी रात्र लागता." फोन ५००० एमएएचचा, चार्जर ३३ वॉटचा आणि कंपनीच्या स्वतःच्या बोलीचा, नवीन केबल दोन मीटर, वर ६५ वॉट.

माझ्याकडे यूएसबी मीटर आहे. बोटभर लांबीचा, एका बाजूने केबल आत, दुसऱ्या बाजूने फोनमध्ये, मधल्या छोट्या पडद्यावर व्होल्ट आणि अँपिअर. फोन २० टक्क्यांवर होता. नवीन केबल लावली आणि मीटर फोनच्या टोकाला बसवला. करंट अर्ध्या अँपिअरपासून चढायला लागला: ०.५, ०.८, १.१. तो चढत होता तसं व्होल्टेज खाली येत होतं: ४.८, ४.६, ४.४. तिथे फोनने पाय मागे घेतला आणि आकडे १.० अँपिअर, ४.५ व्होल्टवर स्थिर झाले. मग मीटर काढून चार्जरच्या टोकाला लावला, तिथे ५.१ व्होल्ट. म्हणजे चार्जरपासून फोनपर्यंत पोचेपर्यंत ०.६ व्होल्ट वाटेत गेले, आणि तेही फक्त एका अँपिअरवर. याचा अर्थ केबलचा रेझिस्टन्स सुमारे ०.६ ओहम. फोनला मिळत होते साडेचार वॉट.

आता वेळेचा हिशेब करू. ५००० एमएएचच्या बॅटरीत साधारण १९ वॉट-तास मावतात. चार्ज करताना थोडी वीज उष्णतेत जाते, म्हणून बाहेरून २२ च्या आसपास द्यावे लागतात. साडेचार वॉटने २२ भरायला पाच तास. तुमचा आकडा आणि हा आकडा जुळतो, म्हणून तुमच्या केबलची आतली अवस्थाही अशीच असणार असं मी म्हणतो. बॅटरी लहान-मोठी असेल तर हिशेब त्याप्रमाणे सरकेल.

जुन्या केबलवर मात्र माझा मीटर मध्ये घातला की फोन झटपट चार्ज होईनासा झाला. मीटरमधून तो जास्तीचा संपर्क पुढे जात नाही, त्यामुळे ओळख तुटते. हे मुद्दाम सांगतो, कारण घरी मीटर आणून मोजणारे इथेच फसतात आणि चांगल्या केबलला वाईट ठरवतात. पण त्या फसलेल्या अवस्थेतसुद्धा एक उपयोगी आकडा मिळाला. ५ व्होल्टवरच, जुन्या केबलमधून फोनने २ अँपिअर ओढले आणि त्याच्या तोंडाशी ४.८ च्या जवळ व्होल्टेज टिकून होतं. म्हणजे जुनीचा रेझिस्टन्स ०.१६ च्या आसपास, नवीनच्या जवळपास पाव. मीटर काढला आणि केबल सरळ लावली की फोनवर लगेच जलद चार्जिंगची खूण आली.

गिऱ्हाईकाला पटत नव्हतं, कारण हातात धरली तर नवीन केबल जुनीच्या दीडपट जाड. तेव्हा त्यांच्याच परवानगीने ती कापली. वरची नायलॉनची विण निघाली, तिच्या खाली जाड रबरासारखं आवरण, त्याच्या आत पांढऱ्या दोऱ्याचा भरणा, आणि त्या दोऱ्यात लपलेल्या चार तारा. लाल तार सोलली तर आत केसासारखे तांब्याचे सात धागे. भंगाराच्या डब्यात त्यांच्या फोनच्या कंपनीच्याच एका जुन्या केबलचा तुकडा पडलेला होता, तोही सोलला. तेवढ्याच जाडीचे सतरा धागे. गिऱ्हाईकाने ते बोटाने स्वतः मोजले. सात धागे आणि चार मीटर एका बाजूला, सतरा धागे आणि दोन मीटर दुसऱ्या बाजूला. जाडी सगळी दोऱ्यात आणि रबरात होती. विणलेलं आवरण केबलला ओरखड्यांपासून वाचवतं, ते चांगलंच आहे, पण वीज त्यातून जात नाही.

अजून हलक्या केबलीत तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम असतं. धागा ब्लेडने खरवडला की आत चांदीसारखं पांढरं दिसतं. अॅल्युमिनियमचा रेझिस्टन्स तांब्याच्या दीडपटीहून जास्त, आणि वाकवून वाकवून ते लवकर तुटतं. खरवडताना एक काळजी घ्या. चांगल्या तांब्यालाही काही वेळा कथिलाचा मुलामा असतो, तो वरून पांढरा आणि आतून लाल असतो. वरून लाल आणि आतून पांढरं असेल तरच ते अॅल्युमिनियम.

आता तुमच्या भावाच्या फोनचं कोडं. इथेच सगळ्यात जास्त माणसं चुकतात, कारण "त्याच्याकडे चालते म्हणजे केबल चांगली" हे ऐकायला अगदी बरोबर वाटतं. भावाचा चार्जर बहुधा क्विक चार्जसारखी सगळ्यांना समजणारी बोली बोलतो. तिला साध्या चार तारा पुरतात, जास्तीचा संपर्क लागत नाही. त्यामुळे ओळख पटते आणि चार्जर ९ व्होल्टवर जातो. समजा तो १८ वॉटचा आहे, म्हणजे २ अँपिअर. तुमच्या ०.६ ओहमच्या केबलमध्ये २ अँपिअरवर १.२ व्होल्ट पडतात, म्हणजे तुमच्या फोनपेक्षा दुप्पट. पण ९ मधून १.२ गेले तरी ७.८ उरतात. त्याच्या फोनची आयसी ९ व्होल्टवर एवढी घट सहज चालवून घेत असेल, तर फोनला साडेपंधरा वॉट मिळतात. तुमच्याकडे ५ व्होल्टमधून फक्त अर्धा व्होल्ट गमवायची मुभा आहे, त्यामुळे तीच तार साडेचार वॉटवर अडते. तार तीच, बारीकही तेवढीच, पण भावाच्या चार्जरचं उंच व्होल्टेज ती बारीक बाजू झाकून टाकतं. महावितरण लांबच्या गावाला वीज उंच व्होल्टेजने नेते आणि डीपीवर उतरवते, त्यामागे हेच कारण आहे.

वरच्या ६५ वॉटच्या छपाईचं काय, असं तुम्ही विचाराल. वॉट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. उंच व्होल्टेजवर कमी करंटने मोठे वॉट नेता येतात, त्यामुळे तो आकडा कुठल्यातरी एका चार्जरबरोबर, कुठल्यातरी एका बोलीत खरा असू शकतो. तुमच्या चार्जरबरोबर तो खरा होईल की नाही, हे त्या आकड्यातून कळत नाही. दोन्ही टोकांना सी टाइप असलेल्या केबलींना नियम थोडा स्पष्ट आहे. साधी केबल ३ अँपिअरपर्यंत, त्याहून जास्त न्यायचं तर केबलच्या पिनमध्ये ओळख सांगणारी चिप असावी लागते. रुंद ए पिनच्या केबलवरचा मोठा आकडा मात्र बहुतेक वेळा कंपनीच्या खास चार्जिंगपुरताच असतो.

इथपर्यंत मी तुमची केस देवबागसारखीच आहे असं धरून बोललो. तसं आहे का, हे घरी तपासता येईल. दोन्ही केबलींची तुलना फोन साधारण २० ते ४० टक्के असताना करा, कारण ८० टक्क्यांच्या पुढे कुठल्याही केबलने चार्जिंग मंदावतं. चार्जर तोच, सॉकेट तेच, स्क्रीन बंद, फोन गार. मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या खोलीत तापलेल्या फोनवर चाचणी घेऊ नका, गरम बॅटरीला फोन स्वतःहून करंट कमी देतो आणि मग केबल निष्कारण बदनाम होते. प्रत्येक केबल दहा मिनिटं लावा आणि किती टक्के चढले ते लिहून ठेवा. स्क्रीनवर `Charging rapidly` आहे की `Charging slowly`, तेही बघा. `Ampere` सारखं अॅप वापरत असाल तर एक ध्यानात घ्या: ते बॅटरीत शिरणारा करंट दाखवतं, केबलमधला नाही. दोन केबलींची तुलना करायला ते चालतं, केबलचा नेमका आकडा काढायला नाही.

निकाल वाचायची माझी पद्धत अशी. जलद चार्जिंगची खूण येत नाही, पण दोन-सव्वादोन तासांत फोन भरतो, तर तार चांगली आहे आणि फक्त ओळख पटलेली नाही. पाच तास लागले, तर ओळखही नाही आणि तारही बारीक. रात्रभर लावूनही सकाळी धड भरलेला नाही, तर केबलमध्ये डेटाच्या तारा नसाव्यात. अशा दोन तारांच्या केबली छोट्या पंख्यांबरोबर किंवा दाढीच्या मशीनबरोबर येतात, त्यांच्यावर फोनला समोरचं काही ओळखता येत नाही आणि तो अर्ध्या अँपिअरवर थांबतो. ती खात्री करायला केबल कॉम्प्युटरला लावा. फोनमधले फोटो तिथे दिसले तर डेटाच्या तारा आहेत.

चौथी शक्यता केबलची नाहीच, आणि ती आपल्याकडे बरीच दिसते. खूण कधी येते कधी जाते, केबल हलवली की चार्जिंग बदलतं, असं असेल तर पिन नीट बसत नाही. पहिला संशयित फोनचं कव्हर. नवीन केबलींच्या पिनेभोवतीचं प्लास्टिक जाड असतं, कव्हरचं भोक लहान असतं, आणि पिन अर्धा मिलिमीटर बाहेर राहते. जुनी केबल त्याच भोकातून आत जायची, म्हणून कोणाला शंका येत नाही. कव्हर काढून एकदा लावून बघा. दुसरा संशयित जॅकमध्ये ठासून बसलेला खिशातला कापूस आणि वाळू. फोन बंद करून लाकडी टूथपिकने, मधल्या जिभेला धक्का न लावता, कडेकडेने उकरा. सुई किंवा टाचणी अजिबात नको, मधली जीभ तुटली तर जॅक बदलावाच लागतो.

तिसरा संशयित खारी हवा. वेंगुर्ला, मालवण, देवगड, सगळीकडे समुद्राकडच्या खिडकीपाशी लटकत राहिलेल्या केबलीच्या पिना वर्षभरात काळपट किंवा हिरवट होतात. विशेष म्हणजे वीज नेणारा संपर्कच आधी खराब होतो, कारण दमट हवेत, रुंद तोंडाच्या चार्जरचं बटण चालू असलं की केबलच्या त्या संपर्कावर ५ व्होल्ट सतत असतात आणि तिथे धातू झिजतो. म्हणून काम झालं की चार्जरचं बटण बंद करा. नवीन केबलीच्या पिना स्वच्छ असतात, त्यामुळे तुमच्या बाबतीत हा प्रश्न नवीनपेक्षा जुनीला लवकर येईल.

पिनेला हात लावून बघायची सवय मात्र ठेवा. काळ्या पडलेल्या एका संपर्काचा रेझिस्टन्स ०.२ ओहम झाला आणि त्यातून ३ अँपिअर गेले, तर तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत १.८ वॉट उष्णता तयार होते. कोमट पिन चालेल. चटका बसला, किंवा भोवतीचं प्लास्टिक पिवळं पडलं, तर ती केबल त्याच दिवशी टाका.

आता काय घ्यायचं. तुमच्या चार्जरवर त्याच्या जलद चार्जिंगचं नाव छापलेलं असतं. ते नाव दुकानदाराला दाखवा आणि त्याच नावाला चालणारी, एक मीटरची केबल मागा, शक्यतो फोनच्या कंपनीचीच. दुकानातच तुमचा चार्जर आणि फोन लावून बघा. जलदची खूण दहा-पंधरा सेकंदांत यायला हवी. नाही आली तर ती केबल घेऊ नका. वेष्टनावर तारेची जाडी एडब्ल्यूजी आकड्यात दिलेली असेल तर तेही बघा, पण उलटं वाचायचं: आकडा लहान तितकी तार जाड. वीज नेणाऱ्या तारा २२ किंवा त्याहून लहान आकड्याच्या असतील तर उत्तम, २८ असेल तर ठेवून द्या. आकडा छापलाय म्हणून आत तेवढंच आहे याची खात्री नाही, म्हणून खूण बघून घेणं मी जास्त महत्त्वाचं मानतो.

तुम्ही दोन मीटरची घेतलीत ती बहुधा बोर्ड लांब आहे म्हणून. आपल्या जुन्या घरांत बोर्ड दाराशी आणि पलंग भिंतीपलीकडे, ही अडचण मला रोज ऐकू येते. लांबी हवीच असेल तर ती चार्जरच्या पुढे वाढवू नका, मागे वाढवा. चांगला एक्स्टेंशन बोर्ड पलंगापाशी आणा आणि तिथे चार्जर लावून एक मीटरची केबल वापरा. २३० व्होल्टच्या बाजूला तुमचा ३३ वॉटचा चार्जर अर्धा अँपिअरही ओढत नाही, त्यामुळे तिथे चार मीटर वायर वाढली तरी काही पडत नाही. देवबागच्या गृहस्थांनी होमस्टेच्या खोल्यांत हेच केलं. बोर्ड लाद्यांवर मोकळा पडू देऊ नका, पावसाळ्यात फरशी ओलावते. भिंतीला ठोकून घ्या.

नवीन केबल फेकायची गरज नाही. इअरबड्स, ब्लूटूथ स्पीकर, छोटी बॅटरी अशा अर्ध्या अँपिअरच्या आतल्या वस्तूंना ती आरामात पुरते, तिथे जेमतेम ०.३ व्होल्ट पडतात. फाटलेल्या जुनीबद्दल मात्र काळजी वाटते. मानेपाशी फक्त वरचं आवरण फाटलंय आणि आतल्या रंगीत तारा शाबूत आहेत, तर नवीन मिळेपर्यंत वापरा. तांबं दिसायला लागलं असेल, किंवा मान वाकवली की जलदची खूण जाते-येते, तर सतरातले काही धागे तुटलेत आणि उरलेल्यांवर सगळा करंट चाललाय. तिला टेप गुंडाळून चालवू नका, विशेषतः रात्री उशाशी तर नाहीच.